तीन सेकंद शिळं चित्र

दादाला पुन्हा गाडी चालवायला लावायची असं मी ठरवलं, तेव्हा दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं. जायकवाडीचं पाणी तळाला गेलं होतं, शहरात नळ आठवड्यातून एकदा यायचा आणि वाळूजच्या आमच्या वर्कशॉपात निळे ड्रम रांगेनं उभे असायचे. तरी शहर वाढायचं काही थांबत नव्हतं. जिकडे बघावं तिकडे प्लॉटिंग, मुरूम आणि टिप्पर. दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. याच वाढत्या शहरात बारा वर्षं त्यानं ट्रॅक्टर चालवला, खोदाईची मशीन चालवली, आणि अशाच एका प्लॉटिंगवर ट्रॉली उलटून पाठीचा कणा मोडून घेतला. कमरेखालचं काही हलेना. हात मात्र पहिल्यासारखेच राहिले. तीन वर्षं तो दोन खोल्यांत चाकांच्या खुर्चीवर बसून टीव्ही बघत होता आणि वहिनी एका कारखान्यात पॅकिंगला जात होत्या.

मी इलेक्ट्रॉनिक्सची. माझा भागीदार जुन्या शहरातला, प्रोग्रामिंगचा माणूस, शांत डोक्याचा. दोघं मिळून आम्ही कारखान्यांना छोटी कंट्रोल पॅनेलं करून द्यायचो. मध्ये एका कारखान्यानं रबरी पट्ट्यांवर चालणारी, दुरून चालवायची गाडी मागितली आणि ती तयार झाल्यावर नको म्हणून सांगितलं. पांढरा हत्ती दारात उभा. रोज तिच्याकडे बघून माझा संताप व्हायचा. एके दिवशी गाडीकडे बघता बघता दादाचे हात आठवले आणि माझं डोकं त्या दिशेनं पळायला लागलं. एकदा पळालं की ते कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

काम मला ठाऊक होतं. पाचोडच्या अलीकडे एका जुन्या बागायतदाराची मोसंबीची बाग आहे. आमचं गाव त्याच्या शेजारीच, वडील मेंढपाळ. उन्हाळ्यात आमच्या मेंढ्या खतासाठी त्यांच्या रानात बसायच्या, त्यामुळे त्यांना आम्ही लहानपणापासून काकाच म्हणतो. दुष्काळात त्यांनी अर्धी बाग तोडली होती आणि उरलेली टँकरच्या पाण्यावर, ठिबकवर जगवली होती. पानांतून पाणी कमी उडावं म्हणून झाडांवर पांढऱ्या मातीचं पातळ पाणी फवारायचं होतं, तेही पुन्हा पुन्हा. पण मजूर शहराकडे निघून गेलेले. ट्रॅक्टर आत घालावा तर फांद्या मोडणार आणि ठिबकच्या नळ्या चिरडणार. आमची गाडी अडीच फूट रुंद होती. तिच्यावर टाकी बसली, पंप बसला. राहिला प्रश्न ड्रायव्हरचा.

काकांना मी दादाचं नाव सांगितलं तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाले, "पोरी, तो तर बसून हाय ना? तो तिकडं वाळूजला, गाडी हितं. ब्रेक कसा मारणार?"

"काका, तो बघेल आणि चालवेल. मोबाईलच्या नेटवरून."

"आमच्या हितं नेटवर बातम्या बी अडकत अडकत चालत्यात." काकांनी टोपी सारखी केली. "करून दाखव. पण एक सांगतो. एक नळी जरी तुटली, तरी गाडी परत घेऊन जा. एकेका झाडाला मोजून पाणी देतोय मी. नळी फुटली की रातभर पाणी वाहून जाईल नि सकाळी मला कळंल."

म्हणजे एका काळ्या नळीवर दादाचं सगळं टांगलेलं. मला भीती वाटली का? खरं सांगायचं तर नाही. मला मजा वाटली.

पहिल्या प्रयत्नात चित्र यायला सात-आठ सेकंद लागले. नेटवर सिनेमा बघायची जी पद्धत असते, ती आम्ही तशीच उचलली होती. त्यात चित्राचे तुकडे करून आधी साठवतात आणि मग सावकाश दाखवतात. बघणाऱ्याला उशीर झालेला कळतही नाही. गाडी चालवणाऱ्याचं मात्र आठ सेकंदांत लग्न लागून घटस्फोटही होईल. ती पद्धत फेकून दिली आणि ब्राऊजरवरून समोरासमोर बोलण्यासाठी जी व्यवस्था असते ती घेतली. तिथं माहितीचं एखादं पाकीट वाटेत हरवलं तर हरवलं. ते परत मागवत बसायचं नाही, कारण परत येईपर्यंत ते निरुपयोगी झालेलं असतं. गाडीवर छोटा कॉम्प्युटर, त्याला पट्टीच्या वायरीनं जोडलेला कॅमेरा, आणि चित्र दाबून लहान करायचं काम कॉम्प्युटरच्या चिपमध्येच. पुढची फ्रेम आल्याशिवाय मागची उलगडत नाही असली कोडी बंद केली. पूर्ण चित्र मधूनमधून एकदम पाठवायचं म्हणजे लोंढा येतो आणि मोबाईलची वाट तुंबते, म्हणून पूर्ण चित्राच्या पट्ट्या करून थोड्या थोड्या पाठवल्या. टँकर एकदम ओतण्याऐवजी ठिबक.

मग दुसरं घोडं पेंड खायला लागलं. सिमकार्डाला नेटवर स्वतःचा पत्ता नसतो. कंपनी हजारो फोन एकाच पत्त्यामागे बसवते, बाहेरून कुणाला आत हाक मारता येत नाही. गाडीनं आधी आतून हाक मारायची, मग वाट उघडते. ती उघडली नाही तर मधे भाड्यानं घेतलेला सर्व्हर आहे, त्याच्यावरून वळसा घालून जायचं. भागीदारानं हे सगळं चार दिवसांत बसवलं. पाचव्या दिवशी मी अजून थोडं सुधारायला गेले तर म्हणाला, "ताई, नक्को छेडो उसको. चल रहा है ना, चलने दो."

उशीर मोजायची रीत साधी होती. एका फोनवर स्टॉपवॉच लावायचं, तो फोन गाडीच्या कॅमेऱ्यासमोर धरायचा, स्क्रीनवर त्याचं चित्र येतं, आणि खरा फोन नि स्क्रीन असा दोघांचा एकत्र फोटो काढायचा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे उशीर. सेकंदाच्या पाव हिश्श्याच्या आत आला त्या दिवशी मी गुलमंडीत जाऊन सगळ्यांसाठी इमरती आणली. येताना काळं जाड कापडही आणलं. दादाच्या स्क्रीनभोवती त्याचा पडदा शिवला, म्हणजे उजेडाची तिरीप येणार नाही.

जॉयस्टिकचं काम मी स्वतः केलं. पहिली होती व्हिडिओ गेमची. दादानं हातात घेतली आणि टाकून दिली. "हे खेळणं हाय. हाताला काय लागतच नाय." मग घट्ट स्प्रिंग घातली, उंच दांडा बसवला. मधोमध थोडी मोकळी जागा ठेवली, म्हणजे हात थरथरला तरी गाडी वळू नये. दांड्याच्या पुढे एक खटका दिला. खटका दाबून धरला तरच गाडी चालते, सोडला की गाडीही थांबते, पंपही. प्रत्येक हुकुमाला नंबर. सेकंदाला तीस हुकूम जातात, गाडी नव्या नंबराचा ऐकते आणि मागे राहिलेला फेकून देते. आणि सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात एकही हुकूम पोचला नाही तर पट्टे बंद, पंप बंद. मला माझ्या या बंदोबस्ताचा फार अभिमान होता.

दादा पहिल्या आठवड्यात वर्कशॉपच्या अंगणात शिकला. पहिल्यांदा सारखा पुढे-मागे, डावी-उजवी करायचा, आणि गाडी दारुड्यासारखी झोकांड्या खात जायची. मी ओरडायचे. तो उलट ओरडायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं मला बाहेर काढलं आणि एकटा बसला. संध्याकाळी आत जाऊन बघते तर गाडी ड्रमांच्या मधून सरळ रेषेत जातेय.

"कसं काय जमलं?" मी विचारलं.

"मेंढरागत हाय हे," दादा म्हणाला. "हाळी दिली की मेंढरू लगेच वळतंय का? हाळी द्यायची, थांबायचं, बघायचं, मग दुसरी. मी हाळीवर हाळी देत हुतो."

तो तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी असं हसून बोलला होता. मी बाहेर येऊन ड्रममागे उभी राहिले आणि रडले. भागीदारानं पाहिलं, पण तो भला माणूस, परत आत गेला.

आता माझी चूक सांगते. ती कुणावर ढकलता येईल अशी नाही.

अंगणात भिंत, जमीन, ड्रम, सगळं सपाट आणि स्थिर. असं चित्र दाबायला सोपं असतं. त्यामुळे मोठं, ठसठशीत चित्र आरामात जायचं. बागेत गेल्यावर मात्र पानंच पानं, आणि ती वाऱ्यावर हलणारी. हलणारं पान हा चित्र दाबणाऱ्या चिपचा वैरी आहे. तिथं नेट जरा कमी पडलं की व्यवस्था आपणहून चित्र बारीक करायची, दाणेदार करायची. दादाला त्याचं काही वाटायचं नाही. उलट तो म्हणायचा, "बाई, मला पान कशाला? मला खोड दिसलं की बास झालं. ह्ये एवढं कशाला पाठवतीस?" मी म्हणायचे, "काका टॅबवर बघणार आहेत. त्यांना असलं कोंबडीनं टोचल्यासारखं चित्र दाखवू?" म्हणून मी भागीदाराच्या नकळत चित्राला खालची मर्यादा बांधून टाकली. यापेक्षा बारीक व्हायचंच नाही, कितीही अडलं तरी. आणि कोपऱ्यात उशिराचे आकडे दिसायचे, तेही काढून टाकले, स्क्रीन स्वच्छ दिसावी म्हणून. उशिराचा मी निकाल लावला आहे, आता तो मोजायचा कशाला, अशी माझी ऐट.

चाचणी सलग पाच दिवस बागेतच घेतली. सगळं लख्ख. मग काकांना दाखवायचा दिवस मीच निवडला, पाचोडच्या बाजाराचा. आम्हा गावाकडच्या लोकांना हे सांगावं लागत नाही. बाजारच्या दिवशी रानात चिटपाखरू नसतं. मजूर सुट्टी घेतात, बायका बाजाराला जातात, गुरंसुद्धा लवकर बांधतात. रिकाम्या बागेत गाडी फिरवायला यापेक्षा सुरक्षित दिवस कोणता? काकांनाही पटलं. शहरातल्या कुणा इंजिनिअरनं हा दिवस निवडला नसता, त्याला ठाऊकच नसता. मला ठाऊक होता, म्हणून मी तोंडावर पडले.

सकाळी आठला सुरुवात झाली. मी बागेत, हातात लाल बटणाचा डबा. तो वेगळ्या रेडिओवर चालणारा, दाबला की गाडी जागच्या जागी बंद. दादा आणि भागीदार वाळूजला, काळ्या पडद्याच्या आत. काका माझ्या शेजारी बाजेवर, मांडीवर टॅब, त्यावर दादाला दिसतं तेच चित्र. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. पांढऱ्या मातीचा फवारा दोन्ही बाजूंच्या झाडांवर सारखा बसत होता. काका मुंडी हलवत होते. टॅबवर मोसंबीचं एकेक पान दिसत होतं. "लई भारी दिसतंय गं," ते म्हणाले, आणि माझी छाती चार बोटं फुगली.

टाकी भरून तिसरी ओळ सुरू करेपर्यंत साडेदहा झाले. रस्त्यानं टमटम आणि जीपगाड्या भरभरून पाचोडकडे चालल्या होत्या. त्या आम्ही दोघांनीही पाहिल्या आणि पाहून सोडून दिल्या. मी काकांच्या शेजारी बसून टॅबमध्येच बघत होते. चित्र चकाचक. गाडी संथ चाललेली, दोन्ही झाडांच्या बरोबर मधून.

आणि पंपाचा आवाज बंद झाला.

मी मान वर केली. गाडी ओळीच्या मधोमध थांबली होती. टॅबवर मात्र ती चालतच होती. एक झाड मागे गेलं, दुसऱ्याचं खोड जवळ आलं, आणि मग चित्र थांबलं.

"काय झालं? बंद पडली व्हय?" काका म्हणाले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी दादाला फोन लावला. दोनदा लागला नाही, तिसऱ्यांदा लागला तो तुटक. "खटका का सोडलास?" मी ओरडले. "सगळं नीट चाललं होतं की! काका समोर बसलेत!"

"चित्र शिळं हाय," दादा म्हणाला.

"काय?"

"शिळं हाय म्हणतो. डावीकडं घेतलं, चित्र हललं नाय. अजून घ्यावं वाटलं, पण घेतलं नाय. खटका सोडला नि मोजलं. एक, दोन, तीन. खटका सोडला तरी चित्र चालूच. तू गाडीजवळ जाऊन बघ. डाव्या अंगाला बघ."

मी गेले. डावा पट्टा ठिबकच्या काळ्या नळीपासून दोन बोटांवर उभा होता. दोन बोटं. त्यानं माझ्या सुंदर चित्रावर विश्वास ठेवून अजून थोडं डावीकडं घेतलं असतं, तर नळी पट्ट्याखाली गेली असती. आणि हातात लाल बटण घेऊन मी टॅबमध्ये पानं बघत बसले होते.

तिथं उभी असताना मला सगळं एका क्षणात दिसलं. दादाचे हुकूम इवलेसे, ते वाट काढून वेळेवर पोचत होते. म्हणून माझा बंदोबस्त गप्प बसला, त्याला काही चुकलं असं वाटलंच नाही. अडकलं होतं ते गाडीकडून जाणारं चित्र. टॉवर एक आणि बाजारात हजार फोन. वाट अरुंद झाली होती, आणि मी बांधलेल्या मर्यादेमुळे चित्र अंग चोरायला तयार नव्हतं. ते मोडेमच्या तोंडाशी रांग लावून उभं राहिलं. प्रत्येक फ्रेम धडधाकट पोचत होती, फक्त तीन सेकंद उशिरा. हुकूम वेळेवर येतो का, हे मी राखलं होतं. चित्र किती जुनं आहे, हे कुणीच राखत नव्हतं. तो आकडा मीच पुसला होता.

"बाजार हाय आज," दादा फोनवर म्हणत होता. "मी शहरात आलो तवापासून बाजारच्या दिशी घरी कधी फोन लागलाय का? इसरली का तू?"

विसरले नव्हते. फोन लागत नाही हे मला लहानपणापासून माहीत होतं. रिकामं रान आणि भरलेला टॉवर या दोन गोष्टी एकाच दिवसाच्या आहेत, एवढंच माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

मी भागीदाराला फोनवर खरं काय ते सांगितलं. मर्यादा मी घातली, आकडे मी काढले. "ताई," तो म्हणाला, "अभी लडने का टाइम नहीं है. निकालता हूँ." त्याला गाडीवरच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायचं होतं तेही त्याच तुंबलेल्या वाटेनं. टाइप केलेलं अक्षर स्क्रीनवर उमटायला तीन सेकंद. तो न बघता टाइप करत गेला. मर्यादा काढली, चित्राची रुंदी पाव केली, फ्रेम निम्म्यावर आणल्या. गाडीचा वेग निम्मा केला. आणि चित्राचं वय अर्ध्या सेकंदाच्या वर गेलं तर गाडीनं आपणहून थांबायचं, हेही बसवलं. हे पहिल्या दिवसापासून हवं होतं.

तोवर मी काकांसमोर उभी. खोटं बोलायला जागा होती. तांत्रिक बिघाड म्हणता आलं असतं, आणि काकांना काय कळणार होतं? पण ते बाजेवरून उठून गाडीपाशी आले होते, पट्टा आणि नळी यांच्यामध्ये वाकून बघत होते. मी म्हणाले, "काका, चूक माझी आहे. चित्र उशिरा जात होतं आणि ते कळू नये अशी व्यवस्था मीच केली होती. दादानं ओळखलं आणि थांबवली."

"त्याला तिथं बसून कसं कळलं?"

"गाडीनं ऐकलं की नाही, ते तो बघतो. चित्र कसं दिसतं ते बघत नाही."

काकांनी हं केलं. नळीवर हात फिरवला. टॅबकडे पाहिलं तर तिथं आता नवं चित्र आलं होतं, चौकोन चौकोन, मळकट, पानांचा नुसता हिरवा-पांढरा चिखल. मधे दोन काळे खांब, म्हणजे खोडं. आणि तळाशी एक काळी रेघ, म्हणजे नळी. कोपऱ्यात परत आकडा लुकलुकत होता, सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास.

"असलं दिसतंय त्याला?" काका म्हणाले.

"त्यानं हेच मागितलं होतं. मी दिलं नव्हतं."

गाडी आधी मागे सरकली. वीतभर. थांबली. मग पुन्हा वीतभर. उजवा पट्टा जरा मागे फिरला, गाडीचं तोंड नळीपासून दूर वळलं. मग पंप सुरू झाला आणि गाडी निघाली. चालायची, थांबायची, पुन्हा चालायची. दोनदा आकडा वर गेला तेव्हा आपोआप थांबली, आकडा खाली आला की दादानं पुन्हा खटका दाबला. मी या वेळी टॅबकडे ढुंकूनही पाहिलं नाही. लाल बटणावर अंगठा ठेवून गाडीच्या पट्ट्याकडे बघत तिच्या मागे मागे चालले. काका दुसऱ्या बाजूनं नळीच्या कडेनं चालत होते. तिसरी ओळ, चौथी ओळ, पाचवी. ऊन डोक्यावर आलं. एकही नळी दबली नाही. एका झाडाची फांदी खाली आली होती, दादा तिच्यापाशी थांबला आणि वळसा घालून गेला, आणि काका स्वतःशीच म्हणाले, "बघितलं ह्यानं."

पाचवी ओळ संपली तेव्हा गाडी बांधाच्या कडुनिंबाखाली येऊन उभी राहिली. तिथं लावायला कुणी सांगितलं नव्हतं.

काकांनी माझ्याकडून फोन मागून घेतला. हात सदऱ्याला पुसले, जसा काही दादा समोर उभा होता. "कोण, तू बोलतोय का?" ते म्हणाले. पलीकडून तुटक काहीतरी आलं. काका मोठ्यानं बोलू लागले, बाजारच्या दिवशी फोनवर बोलतात तसं. "ऐक. उरलेली बाग उद्या करायची. ऊन चढायच्या आत. सकाळी सहाला येतो का?"

येतो का, असं त्यांनी विचारलं. कुठल्याही ड्रायव्हरला विचारतात तसं. पन्नास किलोमीटरवर चाकांच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला.

पलीकडून नुसती खरखर आली. मला वाटलं, लाईन तुटली. मग दादाचा आवाज आला, स्वच्छ.

"येतो काका."

काकांनी फोन मला दिला. दादा अजून लाईनवर होता, पण माझ्याशी बोलत नव्हता. तो भागीदाराला सांगत होता, "भाई, तुमचा फोन द्या जरा. बायकोला लावतो." मग थोड्या वेळानं त्याचा आवाज, वहिनींशी बोलतानाचा, घाईतला, कामावरच्या माणसाचा. तीन वर्षं वहिनी सकाळी एकच डबा भरत होत्या, स्वतःचा.

"ऐकलं का," दादा म्हणत होता. "उद्या पाचलाच दोन डबे भर."